संपातलं घर: 1982, लालबाग ते सिन्नर (कथेचा कच्चा मसुदा, काळाचे तपशील तपासून हवेत)

रोहिणी_नाशिकरोड

दिवाळी अंकासाठी कथा लिहायला घेतली आहे. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातल्या एका घराची ही गोष्ट. माणसं कल्पित आहेत. डॉ. दत्ता सामंत, मोर्चे, सभा यांच्यावर बरंच लिहून झालंय, ते माझ्या कथेत लांबूनच ऐकू येतं. मला लिहायचंय की या घरात चूल कशावर पेटली.

पांडुरंग सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचा, कोरडवाहू बाजरीच्या पट्ट्यातला. लालबागच्या एका गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, विणकर, अकरा वर्षं कायम. बायको सखू, दोन मुलं, आणि बदलीवर असलेला मेहुणा, असे पाच जण एका खोलीत. मसुद्याचा तुकडा देते:

*फेब्रुवारी उजाडला आणि घरातला पैसा संपला. पगाराच्या तारखेला पांडुरंग नुसताच गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन आला. सखूने वाण्याला सांगितलं, या महिन्याचं पुढच्या महिन्यात. वाणी काही बोलला नाही, त्याच्याकडे सगळी चाळच तशी येत होती. मे महिन्यात पांडुरंगने फंडातून उचल घेतली आणि त्यावर दोन महिने काढले. ती संपली तेव्हा त्याने सखूला आणि पोरांना गावी धाडलं. दादरहून गाडीने नाशिकरोड, तिथून एशियाड बसने सिन्नर. गावी सासू म्हणाली, आलीस ते बरं केलंस, पण खाणारी तोंडं तीन वाढली. पंधरा दिवसांनी सखू एकटीच नाशकाला गेली, सराफ बाजारात अर्ध्या तोळ्याचे मणी मोडले. सराफाने तिच्या हातावर पाचशेची नोट आणि वर थोडे सुटे ठेवले. मग ती सिन्नरला विड्या वळायला लागली.*

पुढे पांडुरंग काय करतो ते अजून ठरत नाहीये. गावी येऊन शेती, की मुंबईतच हमाली? तपशिलात जे खटकेल ते सांगा.

विश्वास_पंचवटी

विषय उत्तम. एक सुचवतो, रेशनवर मिळणारा मिलो येऊ द्या. लाल ज्वारी, भाकरी कडक व्हायची, खाऊन पोटात दुखायचं. आमच्या घरी संपाच्या वर्षी तोच होता. आणि संप बेचाळीस दिवस चालला, तेवढ्यात एवढे हाल होतील का? बोनसवरून होता ना?

जुना_जॉबर

विश्वासराव, तुम्ही तीन वेगवेगळी वर्षं एका ताटात वाढली. मिलो 72 च्या दुष्काळातला. बेचाळीस दिवसांचा संप 74 चा, लाल बावट्याच्या वेळचा. 82 चा संप महिन्यांत मोजायचा, दिवसांत नाही. बोनसचं म्हणाल तर ते अर्धं बरोबर आहे. 81 च्या दिवाळीला बोनसवरून ठिणगी पडली आणि माणसं डॉ. सामंतांकडे घाटकोपरला गेली. संप झाला तो पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं आणि मुख्य म्हणजे मान्यताप्राप्त युनियन नको यासाठी. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने, म्हणजे बीआयआरने, बोलणी करायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार एकीकडे आणि कागद दुसरीकडे, अशी ती गाठ होती. ती सुटली नाही म्हणून संप लांबला.

82 ला रेशनवर पामतेल दाखवा, ते बरोबर बसेल.

मी परळला एका गिरणीत लूम खात्यात जॉबर, म्हणजे विणकरांवरचा मुकादम, होतो. आता सिडकोत राहतो. रोहिणीताई, तुमच्या तुकड्यात चार गोष्टी बघाव्या लागतील. आज दोन सांगतो.

पहिली, फेब्रुवारीत कोणी उपाशी नव्हतं. जानेवारीचे सतरा दिवस आम्ही भरले होते, त्याचा पगार फेब्रुवारीत हातात आला. थोडा कमी, पण आला. मार्चची पगाराची तारीख पहिली कोरडी गेली. आणि खरं सांगू, फेब्रुवारीत चाळीत सणासारखं वातावरण होतं. वर्षानुवर्षं तीन पाळ्यांत झोपणारी माणसं एकदम दिवसाउजेडी घरी. पत्ते, भजनं, कॅरम. कोकणातले लोक शिमग्याला गेले ते म्हणत गेले, येतो पंधरा दिवसांत. तुमची कथा या हलक्या हवेत सुरू झाली तर पुढचं जास्त लागेल.

दुसरी, फंडाची उचल. ती मिळत नव्हती.

नवा_वाचक

का मिळत नव्हती? पैसे तर त्याचेच ना?

जुना_जॉबर

त्याचेच. पण भविष्य निर्वाह निधीच्या नियमात अशी सोय होती की कारखाना बंद पडला, टाळेबंदी झाली किंवा सलग दोन महिने किंवा जास्त पगार मिळाला नाही, तर उचल घेता येते. त्यातच पुढे लिहिलंय की पगार न मिळण्याचं कारण संप नसावं. म्हणजे मालकाने कुलूप लावलं तर तुमचा पैसा तुम्हाला मिळतो, तुम्ही स्वतः बाहेर पडलात तर नाही.

मग एकच रस्ता उरतो, राजीनामा. राजीनामा दिला की फंड मिळतो, पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. पांडुरंगची अकरा वर्षं म्हणजे रक्कम बऱ्यापैकी. कर्ज फिटेल, गावी विहिरीचं काम होईल. पण नोकरीवरचा हक्क गेला, आणि खात्यातला प्रत्येक जण म्हणणार की हा फुटला. ताई, तुमच्या कथेचं खरं भांडण इथे आहे असं मला वाटतं. सासू म्हणेल राजीनामा दे, मेहुणा म्हणेल खबरदार. मेहुणा बदली आहे हे लक्षात घ्या. त्याला ना फंडात फार काही, ना ग्रॅच्युइटी. तो रोज फाटकावर कार्ड घेऊन उभा राहायचा, कोणी आला नाही तर त्याला काम. त्याच्याकडे गमावण्यासारखं कमी, म्हणून तो जास्त कडवा.

सातपूरकर

आमच्या इथेही 80 च्या दशकात संप झाला होता, सातपूर एमआयडीसीत, कंपनीचं नाव घेत नाही. तीन महिने गेटवर तंबू टाकून बसलो. आमची उचल मंजूर झाली होती हो काका! त्यामुळे तुमचा नियम बरोबर वाटत नाही. आमच्या बायकांनी पापड-कुरडया विकून दिवस काढले. कामगारांची एकजूट असेल तर सगळं होतं. रोहिणीताई, आमच्या संपावर लिहा ना, मी सगळी कात्रणं जपून ठेवली आहेत.

जुना_जॉबर

सातपूरकर, तुमच्या गेटवर मालकाने नोटीस लावली होती का? टाळेबंदीची?

सातपूरकर

हो, दुसऱ्या महिन्यात लावली होती. का?

जुना_जॉबर

म्हणूनच मिळाली.

सिन्नरची_लेक

माझी आई सिन्नरला विड्या वळायची, मी त्या पानांच्या वासात वाढले. रोहिणीताई, "विड्या वळायला लागली" हे एका वाक्यात उरकू नका. मुंबईहून आलेल्या बाईला ते जमायला वेळ लागतो.

काम असं असतं. कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो, कारण हजार विड्यांचा हिशेब आधीच ठरलेला. पानं रात्री ओली करून फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी मऊ झाली की पत्र्याचा तुकडा वर ठेवून कात्रीने कापायची. शिरा जाड असल्या तर विडी फुटते, म्हणून पान कसं धरायचं यातच निम्मी कला. मग चिमूटभर तंबाखू, वळायची, एका टोकाला नखाने दुमड द्यायची, दुसरीकडे दोरा. पंचवीसचा एक कट्टा. संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायचं आणि तिथे बसलेला माणूस कट्टा उलटासुलटा करून बघणार. पोकळ विडी, वाकडी विडी, सुटलेला दोरा, सगळं बाजूला. बाजूला काढलेल्याचे पैसे नाहीत आणि त्यात गेलेली पानं तुमच्या माथी.

माझी आई दिवसात हजार काढायची, पण ती सात वर्षांची असल्यापासून बसलेली. सखूला पहिल्या महिन्यात तीनशे निघाल्या तरी खूप. शिवाय सखूच्या नावावर कारखान्याचं पुस्तक कुठून असणार? ती शेजारणीच्या पुस्तकावर वळेल आणि शेजारीण त्यातून स्वतःचं काहीतरी ठेवून घेईल. वाईट म्हणून नाही, पद्धतच तशी होती.

आणि सासूबाईंशी एका खोलीत दिवसभर बसून विड्या वळायच्या. बोलणं टाळता येत नाही, हात मात्र चालू ठेवावे लागतात. कथा लिहिणाऱ्याला याहून काय हवं!

विश्वास_पंचवटी

गाव कोरडवाहू पट्ट्यातलं म्हणताय तर रोजगार हमी योजना पण हवी. आमच्या भागात पाझर तलावावर बायका खडी फोडायच्या. ते नक्की त्याच काळातलं, मी डोळ्यांनी बघितलंय.

सिन्नरची_लेक

हे मात्र अगदी बरोबर. उन्हाळ्यात रोजगार हमीवर माती-खडी आणि पाऊस लागला की घरात विड्या, असं कित्येक घरांत होतं.

जुना_जॉबर

विश्वासराव, एकावर एक गुण.

राहिलेल्या दोन गोष्टी. एशियाड बस 82 च्या जुलैमध्ये नव्हती. दिल्लीच्या खेळांसाठी त्या गाड्या होत्या, खेळ नोव्हेंबर-डिसेंबरात झाले, त्यानंतर त्या एसटीकडे आल्या. सखू साध्या लाल गाडीनेच सिन्नरला जाणार. आणि पाचशेची नोट 87 ला आली. 78 मध्ये हजाराची आणि त्यावरची नोट रद्द झाल्यापासून व्यवहारात शंभराची नोट सर्वांत मोठी. तुम्ही नाशिकरोडच्या आहात, नोटांच्या छापखान्याच्या दारात राहून हे चालायचं नाही!

अर्ध्या तोळ्याचं गणितही बघा, पाचशे कमी होतात. तोळ्याचा भाव तेव्हा सोळा-सतराशेच्या आसपास. मोडीत घट धरून सखूच्या हातात शंभराच्या सात नोटा आणि वर काही सुटे येतील. गावात किंवा सिन्नरला न मोडता ती नाशकाला गेली, हे मला आवडलं. बायका तसंच करायच्या. ओळखीच्या सराफाकडे मोडलं की संध्याकाळपर्यंत गावभर.

रोहिणी_नाशिकरोड

काका, लेक, खूप खूप आभार. राजीनाम्याचा धागा घेते. आता पांडुरंगचं सांगा. मालेगाव याच जिल्ह्यात, तिथे हजारो माग. विणकराला तिथे काम मिळालं असतं का? मला ते फार ओढून नेतंय. तो मालेगावात माग चालवतो आणि एके दिवशी त्याला दिसतं की कापडाच्या काठावर त्याच्याच गिरणीचं नाव छापलं आहे.

नवा_वाचक

वा! हा तर शेवटच झाला कथेचा.

अन्सार_मालेगाव

आमच्या घरी तीन पिढ्यांचे माग आहेत, मी स्वतः लहानपणी कांड्या भरल्यात. काम मिळालं असतं, त्यात शंका नको. संपामुळे मुंबईचं कापड बाजारात येईना, मागणी सगळी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे वळली. वडील सांगतात, त्या वर्षी रात्री माग बंद झाल्याचा आवाज आला तर लोक उठून बघायचे काय झालं. संप जितका लांबला तितके इथे माग वाढले. यातले कित्येक माग तर मुंबईच्या गिरण्यांनीच पूर्वी भंगारात काढलेले. म्हणजे तुमचा पांडुरंग कदाचित आपल्याच जातकुळीच्या जुन्या साच्यासमोर उभा राहील.

पण काठावरचं नाव विसरा. मागावरून निघतं ते कोरं कापड, आम्ही ग्रे म्हणतो. पिवळट, कांजीने कडक, मध्ये सरकीचे काळे ठिपके. त्याचा ताका व्यापाऱ्याकडे जातो, तिथून धुलाई, रंगाई, छपाईला दुसऱ्या गावी. शिक्का बसतो तो सगळं झाल्यावर, घडी घालताना. मालेगावच्या विणकराला तो कधीच दिसणार नाही. गिरण्यांनी यंत्रमागाचं कापड घेऊन आपल्या नावाने विकलं हे खरं आहे, पण ते दिसतं दुकानात, मागावर नाही.

रोहिणी_नाशिकरोड

अरेरे. मग त्याला कळणार तरी कसं?

जुना_जॉबर

विणकराला शिक्का लागत नाही. तो ताणा बघतो. इंचात किती तारा, फणी कोणत्या नंबरची, सूत कोणत्या नंबरचं, बाणा इंचात किती बसतो. अकरा वर्षं एकच पॉपलिन विणलेल्या माणसाच्या समोर तीच मांडणी आली तर तो बोट फिरवून सांगेल. खात्री करायला खिशातलं भिंग काढेल, इंचभराच्या चौकटीत तारा मोजेल. आमच्याकडे ते भिंग जॉबरकडे असायचं, पण त्याच्याकडे असलं तर कोणी हरकत घेणार नाही.

तरी एक सांगतो. तशी मांडणी दुसऱ्या कोणाचीही असू शकते. पॉपलिन काय एकाच गिरणीचं नव्हतं. तेव्हा त्याला कळलं असं लिहू नका, त्याला वाटलं असं लिहा. पुढे ते खरं होतं की नाही, तो कधीच ठरवू शकत नाही.

अन्सार_मालेगाव

काकांचं बरोबर. आणखी दोन गोष्टी. गिरणीत आठ तासांची पाळी, इथे बारा तासांची. सुट्टी शुक्रवारी. पैसे मीटरवर, कापडात दोष निघाला की कापून. गिरणीतल्या माणसाला सुरुवातीला सगळ्यात जास्त त्रास हवेचा होतो. तुमच्याकडे खात्यात दमटपणा राखायची यंत्रणा असायची ना काका?

जुना_जॉबर

होती. वरून पाण्याचा फवारा, खातं कायम ओलसर. अंगाला चिकचिक, पण सूत खूश.

अन्सार_मालेगाव

इथे एप्रिल-मेमध्ये लू चालते. सुती तार कोरडी झाली की तुटते. तार तुटली की माग थांबतो, माग थांबला की मीटर थांबतं. आम्ही जमिनीवर पाणी मारतो, दारांवर ओली पोती टांगतो, बस्स. पांडुरंग चांगला विणकर असूनही पहिल्या आठवड्यात बाजूच्या सतरा वर्षांच्या पोराच्या मागे पडेल. त्याला वाटेल हात गेला. हात नाही, हवा. पोराने त्याला सांगावं, चाचा, ताण्यावर ओलं फडकं फिरवा.

सातपूरकर

माफ करा, पण मला हे पटत नाही. संपावरचा माणूस दुसरीकडे जाऊन तेच कापड विणतो, हा संपफोड्याच झाला की! आमच्या वेळी असं कोणी केलं असतं तर त्याच्या घरचं पाणी बंद झालं असतं. कथेचा नायक असा दाखवू नये.

सिन्नरची_लेक

दोन पोरं, म्हातारी आई, वाण्याची वही. त्याने काय करावं म्हणता?

सातपूरकर

हमाली करावी. भाजी विकावी. आमच्यातल्या एकाने रिक्षा चालवली. काम कोणतंही करावं, पण तेच नाही.

अन्सार_मालेगाव

साहेब, आमच्या मागावर कोणी संप फोडला नाही. आमचा संपाशी संबंधच नव्हता. आमच्या पोटाला काम मिळालं ते आम्ही केलं. मालेगावच्या विणकराचा पगार मुंबईवाल्याच्या निम्माही नव्हता, हे पण लिहा.

जुना_जॉबर

सातपूरकर, तुमचं म्हणणं मला समजतं. भिवंडीला गेलेले आमच्या खात्यात होते. काहींशी मी नंतर बरीच वर्षं बोललो नाही. एकाशी बोललो, कारण त्याच्या मुलीला टायफॉइड झाला होता आणि विमा दवाखान्याचं कार्ड तोवर बंद पडलं होतं. कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयची, वर्गणी पगारातून कापली जाते, पगार नाही तर वर्गणी नाही. आधीच्या वर्गणीवर काही महिने सवलत चालू राहते, म्हणून संप सुरू झाल्या झाल्या कोणाला ते जाणवलं नाही. मग एक दिवस खिडकीवरचा माणूस कार्ड परत देतो. तो दिवस पगाराच्या कोरड्या तारखेपेक्षा वाईट. रोहिणीताई, मालेगावला जायचं कारण हवं असेल तर हे घ्या. भुकेला माणूस तोंड देतो, पोर तापलं की नाही देत.

रोहिणी_नाशिकरोड

रात्री बसून पुढचा तुकडा लिहिला. इथे टाकते, फाडा.

*पावसाळा तोंडावर आला तेव्हा चाळीतली निम्मी कुलपं गंजायला लागली होती. पूर्वी पांडुरंगची मनीऑर्डर गावी जायची. आता गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर आई बाजरीचं गाठोडं धाडायची, त्यात पंधरा पैशांचं पोस्टकार्ड खोचलेलं, सखूने लिहिलेलं. धाकटीचा ताप उतरत नाही. सिन्नरचा डॉक्टर म्हणतो रक्त तपासा. आई म्हणतात राजीनामा द्या.*

*मेहुण्याने कार्ड वाचलं आणि ते उलटं ठेवलं. "दाजी, तुम्ही सही केलीत तर मी या खोलीत राहणार नाही."*

*"खोली माझ्या नावावर आहे," पांडुरंग म्हणाला.*

*"म्हणूनच मी जाईन म्हणतोय."*

*राजीनामा त्याने दिला नाही. तिसऱ्या दिवशी तो नाशिकरोडला उतरला, घरी न जाता तसाच मालेगावच्या गाडीत बसला. जिथे उभा राहिला तिथे अंधारात आठ माग होते, पायाखाली पाणी मारलेली जमीन, आणि कानाला ओळखीचा तोच खडखडाट, फक्त छप्पर फार खाली आल्यासारखा. मालकाने विचारलं, "मिलवाले हो?" तो हो म्हणाला. "इथं तारा जास्त तुटतात," मालक म्हणाला आणि त्याच्या हातात ओलं फडकं दिलं.*

*दुसऱ्या आठवड्यात नवं बीम चढलं. पांडुरंगने ताण्यावरून आडवं बोट फिरवलं आणि ते मधेच थांबवलं. खिशातून भिंग काढून तो वाकला. बाजूच्या पोराने विचारलं, "चाचा, नुक्स है क्या?" तो म्हणाला, "नाही. चांगलं सूत आहे." आणि त्याने माग चालू केला.*

*गुरुवारी रात्री हिशेब झाला. शुक्रवारी तो सिन्नरला पोचला तेव्हा सखू अंगणात पानं कापत बसली होती. त्याने पैसे तिच्या सुपात ठेवले. तिने ते मोजले, मग विचारलं, "कुठले?" तो म्हणाला, "हमालीचे."*

पुढे ऑगस्टमध्ये तो मुंबईला जातो असं ठेवलंय, 18 तारखेला पोलिसांचं बंड झालं आणि गिरणगाव पेटलं ते तो बघतो. ते अजून लिहायचंय.

सिन्नरची_लेक

"हमालीचे" वाचून थांबले. पण सखूला कळेल. त्याच्या कपड्यांना, केसांना कापसाचा बारीक कोंडा असणार, हमालाच्या नसतो. दहा वर्षं ती तोच झटकत आली आहे. ती ओळखेल आणि काही बोलणार नाही.

आणि सुपात तंबाखू असते हो. पैसे तिथे ठेवले तर सासू ओरडेल!

अन्सार_मालेगाव

मालकाचं बोलणं आवडलं. पण नव्या माणसाला एकदम आठ माग देत नाहीत, आधी चार. "नुक्स" बरोबर.

विश्वास_पंचवटी

शेवट कसा करणार? संप मिटला तेव्हा तो परत जातो ना? वसंतदादा मुख्यमंत्री झाले 83 ला, तेव्हा मिटला बहुतेक.

जुना_जॉबर

वसंतदादा 83 च्या फेब्रुवारीत आले ते खरं. संप मिटला नाही. कोणी मागे घेतल्याचं जाहीर केलं नाही. माणसं दहा-दहा, वीस-वीस करत आत जात राहिली, काहींना घेतलं, पुष्कळांना नाही. 83 च्या ऑक्टोबरात सरकारने तेरा गिरण्यांचा ताबा घेतला, तेव्हाही आम्ही म्हणायचो की संप चालू आहे. तेव्हा ताई, "संप संपला तेव्हा" असं वाक्य लिहू नका, तसा दिवसच नव्हता.

पांडुरंग परत गेला तर काय होईल ते सांगतो. पुष्कळ ठिकाणी सूत खातं आधी चालू झालं, लूम खातं नाही. कापड बाहेर स्वस्तात विणून मिळतंय हे मालकाला या काळात पुरतं कळलं होतं. पुढच्या वर्षांत बऱ्याच गिरण्यांनी कताई ठेवली आणि साचे विकले. रिंगवर सूत कातणाऱ्याला परत जायला जागा होती, विणकराला त्याहून कमी. तुमच्या पांडुरंगला फाटकावर सांगतील की तुमचं खातं अजून उघडलं नाही, पुढच्या महिन्यात बघा. तो पुढच्या महिन्यात येईल. मेहुणा बदली, पण रिंगला असला तर तो आत गेलेला असेल.

सातपूरकर

म्हणजे कडवा होता तो आत आणि मालेगावला गेला तो बाहेर? हे तर अन्यायच झाला.

जुना_जॉबर

आमच्या चाळीत असं एक घर होतं.

नवा_वाचक

मग पांडुरंगला मालेगावातच कायमचं काम का नाही दाखवत? तिथे तर काम वाढत होतं.

अन्सार_मालेगाव

राहिले काही जण. पण फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, विमा कार्ड नाही. हजेरी आमच्या आजोबांच्या वहीत, पेन्सिलीने.

रोहिणी_नाशिकरोड

काका, एक शेवटचं विचारते. राजीनामा न देता 83 उलटलं, खातं उघडलं नाही, तर त्याचा फंड त्याला कधी मिळाला असता?

जुना_जॉबर

कामावरून नाव कमी झाल्याचा कागद हातात आला की अर्ज करता येतो. तो कागदच कित्येकांना वेळेवर मिळाला नाही. गिरणीच्या ऑफिसात किती वेळा जावं लागतं ते मला विचारा. सखूने तोवर किती हजार विड्या वळल्या असतील तो हिशेब लेकीला विचारा, ती बरोबर सांगेल.

सिन्नरची_लेक

सांगते, पण आधी ते पैसे सुपातून काढा.